निमंत्रणपत्रिकेवरच्या सह्या

लग्नात विधी किती, हे भटजींना विचारावे. पण लग्नाला माणसे किती लागतात, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईलाच विचारावे. ती बोटांवर मोजून सांगेल. देवक बसवायला जोडपे लागते. आई किंवा वडील हयात नसतील तर काका-काकूंना बसवतात. हळद लावायला सुवासिनी लागतात. गौरीहरापाशी बसलेल्या मुलीला अंतरपाटापाशी आणायला मामा लागतो. कन्यादानाला वडिलांची ओंजळ आणि आईच्या हातची पाण्याची धार लागते. लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो, आणि नवऱ्याचा कान पिळायलाही तोच. उंबऱ्यावर माप ठेवायला सासू लागते. यांतले एखादे माणूस नसले तर घर मानलेला भाऊ किंवा लांबचा मामा शोधून आणते, पण जागा रिकामी ठेवत नाही.

मराठी मुलखातल्या पुनर्विवाहाचा इतिहास वाचताना मला ही यादी वारंवार आठवत राहिली. या विषयावर जे लिहिले गेले ते बहुतेक शास्त्रार्थाच्या अंगाने: वचन कोणते, त्याचा अर्थ काय, कोणाची बाजू बरोबर. परंतु विधवेचे लग्न खरोखर लागले, तेव्हा या यादीतली कोणती माणसे आली आणि कोणती आली नाहीत, हे पाहिले की वेगळेच चित्र दिसते. आपल्याकडे पुनर्विवाहाच्या दोन रीती होत्या. एकीत विधी जवळजवळ सगळे गळले होते, पण नातेवाईक शिल्लक होते. दुसरीत विधी सगळे राखले गेले, पण नातेवाईक गळले. आजचा पुनर्विवाह या दोन्ही रीतींचा वारस आहे.

पाट

पहिली रीत जुनी. मोल्सवर्थच्या कोशात ‘पाट’ आणि ‘मोहतूर’ हे दोन्ही शब्द आहेत. मोहतूर हा ‘मुहूर्त’चाच बोलीतला अवतार. गुजरातेत याच रीतीला नातरे म्हणत, कानडी मुलखात उडकी. कुणबी, माळी, धनगर आणि इतर अनेक जातींत विधवेचा पाट लागे. नवऱ्याशी काडीमोड होऊन सोडचिठ्ठी मिळालेल्या बाईचाही लागे. सरकारदरबारी तो इतका ओळखीचा होता की जुन्या वसुलीच्या बाबींत ‘पाटदाम’ नावाचा एक करही दिसतो. कर बसतो म्हणजे व्यवहार मान्य आहे, एवढा अर्थ त्यातून निघतोच.

आर्थर स्टील याने एल्फिन्स्टनच्या सांगण्यावरून दख्खनच्या जातींचे कायदे आणि रिवाज गोळा केले. ते पुस्तक १८२७ साली छापले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्याची गॅझेटियरे निघाली. या दोन्हींतली वर्णने एकत्र ठेवली की पाटाचा साचा दिसू लागतो. जातीजातीत आणि तालुक्यातालुक्यात फरक आहेत, पण सांगाडा एकच आहे.

पाट रात्री लागे, बहुधा वद्य पक्षात. जागा घराचा मांडव नव्हे. मांडव घातलाच जात नसे. दोघांना पाटावर बसवीत. बाईला नवे लुगडे आणि चोळी देत, हातात बांगड्या भरीत, कपाळी कुंकू लावीत. पदराची आणि उपरण्याची गाठ मारीत. नवरा तिच्या गळ्यात मणी बांधी. तोंडात गूळ किंवा साखर पडे, पान-सुपारी वाटली जाई, जातभाईंना जेवण मिळे. मुहूर्त पाहायला जोशी असे, काही ठिकाणी तोच दोन शब्द म्हणे; पण होम नाही, सप्तपदी नाही, अंतरपाट नाही, मंगलाष्टके नाहीत, हळद नाही, वाजंत्री नाही, वरात नाही. नवी जोडी अंधारातच घरी जाई आणि उजाडेपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडू नये अशी काळजी घेतली जाई.

इथे कोणी हजर राहायचे याचेही नियम होते. सुवासिनी लांब राहत. बाईच्या कपाळी कुंकू लावायचे काम विधवा किंवा स्वतः पाट लावलेल्या बायका करीत. ज्या घटकेला ती बाई विधवा राहत नाही आणि सुवासिनीही झालेली नसते, त्या घटकेची भीती सगळ्या विधीवर पसरलेली दिसते. रात्र, आडोसा, न दिसणे हे सगळे तिच्यामुळेच. मेलेल्या पहिल्या नवऱ्याचा कोप होऊ नये म्हणून काही जातींत त्याच्या नावाने उतारा किंवा बळी देत. नवरदेव पहिलटकर असेल, म्हणजे त्याचे आधी लग्न झालेले नसेल, तर त्याचे लग्न प्रथम रुईच्या झाडाशी लावीत आणि मग विधवेशी पाट. त्याचे ‘खरे’ लग्न त्या रुईशी झाले, आणि पाट हा दुसरा संबंध ठरला, अशी ही हिशेबाची जुळवाजुळव. गंमत अशी की धर्मशास्त्रातही हीच रुई भेटते. तिसरी बायको करणे अशुभ मानले होते, म्हणून दोन बायका वारलेल्या पुरुषाने तिसरे लग्न अर्कवृक्षाशी, म्हणजे रुईशी, लावावे आणि माणसाशी होणारे लग्न चौथे समजावे. पुरुषाच्या बाबतीत मोजदादीची अडचण एका झुडपाने सुटे. बाईसाठी असे झुडूप कोणी शोधले नाही.

विधी इतके तुटपुंजे असूनही पाट पक्का होता. पाटाच्या संबंधातली मुले औरस मानली जात, त्यांना वाटा मिळे. ही पक्की गाठ होमाने दिलेली नव्हती. ती दिली होती नातेवाइकांच्या आणि पंचांच्या संमतीने. बाईच्या माहेरच्यांशी बोलणे होई, पहिल्या सासरच्यांशी देणेघेणे मिटवले जाई. त्यांनी घातलेले दागिने परत जात. मुले बापाच्या घरची. अंगावर पिणारे असेल तर ते आईबरोबर जाई आणि मोठे झाल्यावर परत येई. पंच जेवले की व्यवहार पुरा. म्हणजे पाटात अग्नीची साक्ष नसली तरी माणसांची होती.

मात्र या मान्यतेला पायरी होती. ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ हा भेद बाईच्या जन्मभर पुरे. पाटाच्या बायकोला घरात हक्क होता, शेतात काम होते, मुलांना नाव होते. पण दुसऱ्याच्या लग्नात हळद लावायला तिला पुढे बोलावीत नसत, आणि देवाधर्माच्या कार्यात लग्नाच्या बायकोचा मान आधी असे. कुंकू परत मिळाले, पण सुवासिनीपण पुरते परत मिळाले नाही. पाटाने काय दिले आणि काय दिले नाही, ते एवढ्यात येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात एखादे कुटुंब पैशाने आणि मानाने वर चढू लागले की ते पाट बंद करी. आमच्यात पाट लागत नाही, हे सांगणे कुलीनपणाची खूण झाली. मराठ्यांतली कुळीची घराणी आणि इतर शेतकरी यांत फरक करताना गॅझेटियरवाले ही खूण आवर्जून नोंदवतात. पुण्या-मुंबईत मूठभर ब्राह्मण सुधारक पुनर्विवाह सुरू करायला धडपडत होते, त्याच वर्षांत कितीतरी घरे शतकानुशतके चालत आलेला पुनर्विवाह सोडून देत होती.

‘कन्या’ या शब्दाची अडचण

सुधारकांनी पाटाची रीत उचलली का नाही? सोपी होती, चालू होती, वैधही होती. कारण त्यांना विधवेसाठी ‘पाटाची’ जागा नको होती, ‘लग्नाची’ हवी होती. मग विधी पुरा हवा, आणि पुरा विधी करायला गेले की पहिल्याच संकल्पात अडत होते.

अडचण ‘कन्या’ या शब्दाची. पाणिग्रहणाचे मंत्र कन्यांसाठीच सांगितले आहेत, असे मनुस्मृती म्हणते. विधवा कन्या कशी? दुसरी अडचण दानाची. बापाने एकदा दिलेली मुलगी त्याला पुन्हा कशी देता येईल? दिलेल्या वस्तूवर दात्याचा हक्क उरत नाही. तिसरी अडचण गोत्राची. पहिल्या लग्नाने ती नवऱ्याच्या गोत्रात गेली. तर आता दुसऱ्या लग्नात उच्चार कोणत्या गोत्राचा करायचा? हे प्रश्न आज किचकट वाटतील, पण विधी करणाऱ्याला ते टाळता येत नाहीत. तोंडाने काहीतरी एक गोत्र उच्चारावेच लागते.

ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ साली कलकत्त्यात जी दोन पुस्तके लिहिली, त्यांतले पहिले पराशरस्मृतीतल्या एका वचनावर उभे आहे. नवरा बेपत्ता होणे, मरणे, संन्यास घेणे अशा पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगणारे ते वचन. दुसऱ्या, मोठ्या पुस्तकात त्यांनी विरोधकांच्या एकेका आक्षेपाला उत्तर दिले, आणि त्यात हे विधीचे प्रश्न सुटे घेतले. त्यांचे म्हणणे असे की पुनर्विवाहातही दाता बापच, गोत्र बापाचेच, आणि मंत्र पहिल्या लग्नाचेच. विवाहातले दान म्हणजे गाईचे किंवा जमिनीचे दान नव्हे, म्हणून ते दुसऱ्यांदा करता येते. हे विवेचन विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणले, आणि इकडच्या वादाची सगळी सामग्री त्यातून आली.

२६ जुलै १८५६ रोजी पंधरावा कायदा झाला, तेव्हा या अडचणीची दखल कायद्यानेही घेतली. त्याचे सहावे कलम विधीबद्दल आहे. कुमारिकेच्या लग्नात जे शब्द उच्चारले, जे विधी केले असता लग्न वैध होते, तेच शब्द आणि विधी विधवेच्या लग्नात तितकेच पुरेसे आहेत. ते विधवेला लागू पडत नाहीत या कारणाने लग्न रद्द ठरणार नाही. सरकारने ‘कन्या’ शब्दाचा अर्थ लावला नाही. शब्द कसाही असो, लग्न लागले, एवढेच म्हटले.

त्याच कायद्याचे सातवे कलम नातेवाइकांबद्दल आहे आणि ते फारसे कोणी वाचत नाही. विधवा अज्ञान असेल आणि पहिला संसार झालेलाच नसेल, तर तिच्या लग्नाला संमती कोणाची, याची त्यात उतरंड दिली आहे: बाप, तो नसेल तर आजोबा, मग आई, मग थोरला भाऊ, मग जवळचा पुरुष नातेवाईक. विधवा सज्ञान असेल, किंवा संसार झालेला असेल, तर तिची स्वतःची संमती पुरे. लग्नात बाईचा स्वतःचा होकार पुरेसा आहे, असे म्हणणारे ते वाक्य त्या काळात किती नवे होते, हे आज जाणवत नाही. पण ते कागदावर होते. मांडवात एकट्या बाईचा होकार पुरत नव्हता.

पत्रिकेवर सही कोणी केली?

कायदा झाल्यावर पहिला पुनर्विवाह त्याच वर्षी ७ डिसेंबरला कलकत्त्यात झाला: श्रीशचंद्र विद्यारत्न आणि कालीमती देवी. मुंबई इलाख्यात ब्राह्मणांतला पहिला गाजलेला विवाह व्हायला आणखी तेरा वर्षे जावी लागली. १५ जून १८६९ रोजी मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचे लग्न लागले. ते पाटासारखे आडोशाला नाही, तर उघड, मंत्रांसहित, पत्रिका काढून लागले. सुधारकांचा आग्रहच तो होता. पाटाने जे जे लपवले, ते ते इथे दाखवायचे.

त्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून सुधारक पुढाऱ्यांच्या सह्या होत्या. एरवी पत्रिका घरातल्या वडिलांच्या नावाने निघते. इथे बाप, काका, मामा यांच्या जागी सार्वजनिक माणसे आली. शंकराचार्यांच्या नावाने जो बहिष्कार पडला, तो नेमका या जागेवर पडला: पत्रिकेवर सही करणारे बहिष्कृत झाले. सनातन्यांना हे बरोबर कळले होते की मंत्र कोणीही म्हणू शकतो. लग्नाला बळ येते ते बोलावणाऱ्यांमुळे आणि येणाऱ्यांमुळे. १८७० मध्ये पुण्यात दोन्ही पक्षांचे पंच नेमून शास्त्रार्थ झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. पुढे कित्येकांनी प्रायश्चित्त घेतले; लोकहितवादींसारख्यालाही ते घ्यावे लागले.

प्रायश्चित्त घेणाऱ्यांना आपण भित्रे म्हणून मोकळे होतो. पण बहिष्कार म्हणजे नेमके काय, हे घरातल्या बाजूने पाहावे. बहिष्कृताच्या मुलीला स्थळ येत नाही. त्याच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही. सासरी गेलेल्या बहिणीला माहेरी धाडीत नाहीत. मेल्यावर खांदा द्यायला माणसे जमत नाहीत. शिक्षा सही करणाऱ्याला, पण तिची झळ त्याच्या आईला, बायकोला, मुलींना. माणूस स्वतःपुरता धीट असला तरी या सगळ्यांच्या वतीने धीट होण्याचा अधिकार त्याला आहे का, हा प्रश्न खरा होता.

न्यायमूर्ती रानडे यांचे १८७३ सालचे लग्न याच प्रश्नात अडकले. पहिली पत्नी वारल्यावर ते विधवेशी लग्न करतील, या भीतीने वडिलांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी ठरवली. रानडे एकतीस वर्षांचे होते. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त या लग्नाची हकीकत सांगितली आहे. रानड्यांनी वडिलांपुढे मान तुकवली. या लग्नाच्या विधीत शास्त्राची एकही अडचण नव्हती. वर विधुर होता, पण वधू कन्या होती, म्हणून देवकापासून सप्तपदीपर्यंत सगळे यथासांग होऊ शकत होते. ‘पुनर्विवाह’ हा शब्द पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला आपल्याकडे लागलाच नाही. त्याला ‘दुसरे लग्न’ किंवा ‘दुसरा संबंध’ म्हणत. विधी पुरुषाकडे पाहतच नव्हता.

पुणे, १८९१ आणि १८९३

१८९१ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. तो १८६९ च्या लग्नापेक्षा एका बाबतीत निराळा होता: इथे देणारा खुद्द बाप होता, आणि तो बाप देशातला मान्यवर संस्कृत पंडित होता. दुसऱ्यांदा कन्यादान करता येते का, हा प्रश्न त्यांनी वाद घालून नव्हे, करून सोडवला.

दोन वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात धोंडो केशव कर्वे आणि गोदूबाई यांचे लग्न झाले. हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण दोघांच्याही आठवणी छापलेल्या आहेत: कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ आणि बायांचे ‘माझे पुराण’.

गोदूबाई देवरुखच्या बाळकृष्ण केशव जोशी यांची मुलगी. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांत नवरा वारला. पुढची कित्येक वर्षे विधवेचे जिणे. मग भाऊ नरहरपंत तिला मुंबईला घेऊन आला आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात घातले. ती तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. नरहरपंत कर्व्यांचे मित्र. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली होती, मुलगा रघुनाथ लहान होता, आणि दुसरे लग्न केलेच तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले होते. हे त्यांनी गोदूबाईच्या वडिलांकडे बोलून दाखवले, आणि स्थळ त्या घरातूनच पुढे आले. वडिलांनी मुलीला विचारले. तिने होकार दिला. लग्नाच्या वेळी ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती, कर्वे चौतीस.

आता आपली सुरुवातीची यादी काढावी. बापाची संमती होती. होकार वधूचा स्वतःचा होता, जो एरवीच्या लग्नात कोणी विचारतही नसे. ज्या भावाने तिला सासरच्या काळोखातून बाहेर काढले, त्याच्यामुळेच हे लग्न जुळले होते. विवाह वैदिक पद्धतीने झाला. परंतु मांडवातले बाकीचे गोत कुठून आले? शारदासदनातून आणि सुधारक मित्रांतून. मामा, मावश्या, काकू यांनी भरायच्या जागा संस्थेने भरल्या. पंडिता रमाबाई आणि त्यांच्या मुली हेच नवरीचे माहेर झाले. सुधारकांच्या पुनर्विवाहांत पुढे हेच रूढ झाले: माहेर म्हणजे संस्था. १८९३ मध्येच कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली ती याच गरजेतून. अशा जोडप्यांना एकमेकांचे नातेवाईक होऊन राहावे लागे, एकमेकांच्या घरी जेवावे लागे, कारण दुसरे कोणी जेवायला येत नसे. दोन वर्षांनी मंडळीचे नाव बदलून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक’ झाले. उत्तेजन देण्याचे सोडून प्रतिबंध दूर करण्याची भाषा आली, आणि पुढचा प्रतिबंध होता तो माणसांचाच.

कारण मुरुड गावाने आपले उत्तर दिले होते. दापोलीजवळचे हे कर्व्यांचे गाव. गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला, आणि कर्व्यांना घरात घेतले तर त्यांच्या आईवर आणि भावावरही तो लागू होणार होता. पत्रिकेवर सही न केलेल्या, लग्नाशी संबंध नसलेल्या माणसांना ओलीस धरण्याची ही जुनीच युक्ती. सप्तपदी सातव्या पावलावर पुरी झाली होती. पण सून म्हणून उंबरा ओलांडण्याचा, माप लवंडण्याचा विधी मुरुडच्या घरात झाला नाही. लग्नाचा शेवटचा विधी सासूच्या हातात असतो, आणि त्या सासूचे हात गावाने बांधले होते.

पाट आणि हे लग्न शेजारी ठेवून पाहा. पाटाच्या बाईला होम मिळाला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावातल्याच एका घरात, ओळखीच्या माणसांत उठली. बाया कर्वे यांना अग्नी, मंत्र, सप्तपदी सगळे मिळाले, आणि गाव मिळाले नाही. याच काळात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने तिसरी वाट काढली. १८८७ साली त्यांनी छापलेल्या पूजाविधीच्या पुस्तिकेत भटजीला काढून वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञांवर लग्न उभे केले. प्रतिज्ञा करणाऱ्या बाईने कन्या असावे लागत नाही, आणि तिला कोणी ‘द्यावे’ही लागत नाही. विधीची अडचण तिथे मुळातूनच गेली.

जमीन आणि मूल

नातेवाईक दूर राहिले ते केवळ धर्मभयाने, असे मानणे भाबडेपणाचे होईल. १८५६ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारी विधवा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गमावत होती. ती मेलीच असे समजून मालमत्ता पुढच्या वारसाकडे जाई. म्हणजे मृताच्या भावाला पुनर्विवाहाने शेत मिळे, आणि माहेरच्यांना दिसे की मुलीच्या हातातली पोटगीची भाकरी जाणार. त्यात पाटाच्या जातींचा प्रश्न आणखी अवघड. त्यांच्यात पुनर्विवाह कायद्याच्या आधीपासून चालत आलेला, मग त्यांना हे कलम लागू का? अलाहाबादच्या हायकोर्टाने लागू नाही म्हटले. मुंबईच्या हायकोर्टाने लागू आहे म्हटले. विधवांच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने आपल्या इलाख्यात पाट लावणाऱ्या कुणबिणीचे शेत नेले.

मुलांचेही तसेच. तिसऱ्या कलमाने मृत नवऱ्याच्या आईबापांना आणि पुरुष नातेवाइकांना मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याचा अर्ज करता येई. पाटातही मुले बापाच्या घरचीच होती. म्हणजे विधी कोणताही असो, बाई नव्या घरी जाताना काय बरोबर नेऊ शकते याची मर्यादा दोन्हीकडे सारखी होती.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याचा वाटा एकदा मिळाला की तो पुनर्विवाहाने जाणे बंद झाले. मात्र सासऱ्याच्या मालमत्तेत, वारसा उघडण्याआधी पुनर्विवाह केलेल्या विधवा सुनेला वाटा नव्हता. ते कलम २००५ मध्ये गेले. १९५५ च्या विवाह कायद्याचे सातवे कलम पहिले लग्न आणि दुसरे लग्न असा भेदच करत नाही. दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की पुरे. त्यात सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पुरे. कायद्याच्या बाजूने आता अडचण नाही. घरात काय होते, ते वेगळे.

आजचा मांडव

चार-पाच वर्षांपूर्वी नात्यातल्या एका पुनर्विवाहाला गेलो होतो. वधू चौतीस वर्षांची, नवरा आजाराने गेलेला, सहा वर्षांची मुलगी. वर घटस्फोटित. सकाळची वेळ, छोटे सभागृह, चाळीसएक माणसे. आदल्या आठवड्यात नोंदणी झालेली होती. तरीही वधूच्या आईला होम हवा होता. नुसत्या सहीने ‘लग्न लागल्यासारखे वाटत नाही’, असे ती म्हणाली. शंभर वर्षांपूर्वीच्या सुधारकांचा आग्रह तिच्या तोंडी आला होता, तिच्या नकळत.

काय ठेवायचे, काय वगळायचे हे आदल्या दिवशी गुरुजींसमोर बसून ठरले. सीमांतपूजन, रुखवत, देवक, वरात हे न बोलताच वगळले गेले. हळदीवर थोडी चर्चा झाली. मामी म्हणाली, नुसती लावू, समारंभ नको. अंतरपाट आणि मंगलाष्टके ठेवायचे ठरले, मुलीला हौस म्हणून. सप्तपदीबद्दल कोणालाच शंका नव्हती. मंगळसूत्र नवे करायचे. जुन्याच्या वाट्या मुलीसाठी जपून ठेवायच्या.

गाडी अडली ती कन्यादानाशी. वडील म्हणाले, ‘ते मी एकदा केलंय. पुन्हा कसं करू?’ विद्यासागरांपुढचा आक्षेप, शब्दशः. गुरुजी अनुभवी होते. ते म्हणाले, दान नको, अनुमती द्या. संकल्पात गोत्र तुमचेच घेऊ. मग त्यांनी जरा थांबून विचारले, ‘तिकडची मंडळी येणार आहेत का?’ तिकडची म्हणजे पहिल्या सासरची.

ती आली होती. पहिला सासरा वधूच्या वडिलांशेजारी पाटावर बसला आणि दोघांनी मिळून अनुमतीचे पाणी सोडले. सासूने ओटी भरली. लाजाहोमाच्या वेळी सख्ख्या भावाने लाह्या घातल्या आणि दुसऱ्या फेरीला त्याने सूप दिराच्या हातात दिले. दिराने लाह्या घातल्या. पाटाच्या वर्णनांत पहिल्या नवऱ्याच्या घराचा वाटा येतो तो दागिने परत घेण्यात आणि मृताच्या कोपाच्या भीतीत. कायद्यात येतो तो शेत परत घेण्यात. इथे ते घर देणाऱ्याच्या बाजूला बसले होते. त्यांनी हे सुखासुखी केले असेल असे मला वाटत नाही. सासूने ओटी भरली आणि ती उठून मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तोंड धुऊन बाहेर आली.

सगळेच आले होते असे नाही. वराची एक आत्या आली नाही. कारण विचारले तर प्रवास झेपत नाही म्हणाली. वधूच्या दोन चुलत जावा जेवायला आल्या, पण होम संपल्यावर. अशा लग्नात कोण कोणत्या विधीच्या आधी येतो आणि कोण नंतर, हे पाहिले की पाटाच्या रात्री सुवासिनी लांब का राहत, ते समजते. नियम गेला, पाऊल अजून अडखळते.

निघताना पत्रिकेचा विषय निघाला. छापील पत्रिका नव्हतीच. फोनवर पाठवलेला एक लहानसा मजकूर होता. मी तो आदल्या दिवशी नीट वाचला नव्हता, म्हणून घरी येताना पुन्हा उघडला. निमंत्रक म्हणून तीन जोडप्यांची नावे होती: वधूचे आईवडील, वराचे आईवडील, आणि मधल्या ओळीत वधूचे पहिले सासू-सासरे. खाली, ‘आमच्या आईच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीपुढे, सहा वर्षांच्या मुलीचे नाव.